तिनेच पुसले माझे गाल

एका आईचे पत्र आले आहे. त्यांची मुलगी सहा वर्षांची आहे. घरी मराठी बोलली जाते, पण शाळा, मैत्रिणी आणि वाचन ही सगळी दुसऱ्या भाषेत. शाळेत ‘काइंडनेस’ या विषयावर सतत काही ना काही चालू असते, म्हणून आईने त्याच विषयावर मुलीसाठी मराठीत चार ओळी रचल्या आणि शनिवारच्या मराठी वर्गात म्हणून दाखवायला शिकवल्या. मुलगी दुसऱ्या ओळीतच अडखळते, आठवडाभर सराव करूनही तिला ओळींचा क्रम लागत नाही, आणि आता ती ‘मला नको’ म्हणू लागली आहे. तिचे मराठी कमी पडते आहे की आपण शिकवायला कमी पडतो आहोत, असा आईचा प्रश्न आहे. पत्रासोबत आलेल्या ओळी अशा:

नेहमी सर्वांशी दयाळू व्हावे,
सर्वांना मदत करत राहावे,
धन्यवाद आणि कृपया म्हणावे,
सर्वांचे मन जिंकून घ्यावे.

ताई, तुमच्या मुलीचे मराठी कमी पडत नाही आणि तुमची तळमळही कमी पडत नाही. अडचण या चार ओळींतच आहे, ती नेमकी दाखवता येते आणि दुरुस्तही करता येते.

आधी शब्दांचे पाहू. ‘काइंडनेस’चे मराठी करताना हात आपोआप ‘दया’ या शब्दाकडे जातो, कारण शब्दकोशात तो समोरच उभा असतो. पण मराठी कानाला दया ही वरून खाली येणारी गोष्ट वाटते. आपण देवाची दया मागतो, आणि ‘मला त्याची दया आली’ असे म्हणतो तेव्हा त्यात कीव मिसळलेली असते. वर्गातल्या मैत्रिणीला आपली पेन्सिल देणारे मूल दयाळू नसते, ते तिच्याशी चांगले वागलेले असते. या छोट्या वागण्यासाठी मराठीत एकच एक नाम नाही. माया, आपुलकी, विचारपूस, हातभार, सांभाळून घेणे असे अनेक शब्द आहेत आणि प्रत्येकाची जागा वेगळी आहे. म्हणून लहान मुलांच्या कवितेत नाम शोधण्यात वेळ घालवू नये आणि सरळ क्रियापदाकडे जावे. जागा दिली, दार धरले, ‘ये ना’ म्हटले, गाल पुसले, हे सगळे सहा वर्षांच्या मुलीला डोळ्यांपुढे दिसते. ‘दयाळू व्हावे’ म्हणजे नेमके काय करायचे, हे तिला दिसत नाही.

‘कृपया’चेही तसेच आहे. तो शब्द पाट्यांवर आणि सूचनांत शोभतो. घरात पाणी मागताना कोणी ‘कृपया पाणी द्या’ म्हणत नाही, ‘जरा पाणी देतेस का?’ असे म्हणतात. मराठीतले आर्जव ‘जरा’, ‘ना’, ‘का’ अशा छोट्या शब्दांत आणि क्रियापदाच्या रूपांत असते. ‘ये’ आणि ‘ये ना’ यांतला फरक तुमच्या मुलीला शिकवावा लागला नसेल, तिने तो ऐकून उचललेला असेल. मुलाजवळ असलेली ही भाषा कवितेत आणली तर कविता तिला स्वतःची वाटते, आणि पाटीवरची भाषा आणली तर ती परक्याचा निरोप पोचवल्यासारखी म्हणते.

आता अडखळण्याचे कारण. बालकवितेचा कणा म्हणजे ताल, आणि मराठीत हा ताल मात्रांवर चालतो. अ, इ, उ, ऋ हे स्वर आणि ते ज्यांत आहेत ती अक्षरे लघु, त्यांची एक मात्रा. आ, ई, ऊ, ए, ऐ, ओ, औ असलेली अक्षरे गुरू, त्यांच्या दोन मात्रा. अनुस्वार असलेले अक्षर गुरू मानतात, आणि पुढच्या जोडाक्षराचा आघात ज्या अक्षरावर येतो तेही गुरू. ‘सर्वांना’मधला ‘स’ दिसायला लहान आहे, पण ‘र्वां’चा आघात येत असल्याने तो ‘सर्’ असा लांबतो आणि त्याच्या दोन मात्रा होतात. शेवटचा नियम असा की ओळीच्या टोकाचे अक्षर लघु असले तरी गुरू धरतात, कारण तिथे आवाज थांबतो आणि थांबताना तो लांबतो. लहान मुलांच्या ओळीसाठी एवढे पुरते.

या हिशेबाने मोजले तर तुमच्या पहिल्या ओळीत 20 मात्रा आहेत, दुसरीत 18, तिसरीत 18 आणि चौथीत 17. पहिल्या ओळीने कानाला एक लांबी शिकवली आणि दुसरी ओळ लगेच त्याआधी संपली. पाठांतर करताना मूल अर्थ कमी आणि ठेका जास्त धरते; पुढचा शब्द कुठे पडणार हे त्याला ठेक्यामुळे कळते. ठेका बदलला की आधार जातो आणि मूल थांबते. त्यात ‘व्हावे, राहावे, म्हणावे, घ्यावे’ हे यमक चारही ओळींना सारखेच आहे आणि ते फक्त क्रियापदाच्या प्रत्ययाचे आहे. असे यमक कोणत्याही क्रियापदाला लावता येते, म्हणून ते कोणत्याही ओळीची आठवण करून देत नाही. तीन ओळींची सुरुवात तर ‘सर्व’ या शब्दाभोवतीच फिरते. या ओळी एकमेकींच्या जागी ठेवल्या तरी काही बिघडत नाही, मग मुलीने क्रम कशाच्या आधारे लक्षात ठेवायचा?

माझ्या मते लहान मुलांसाठी सर्वांत सोपी चाल म्हणजे 16 मात्रांची ओळ, आठ मात्रांनंतर विसावा. छंदशास्त्रात तिला पादाकुलक म्हणतात. नाव लक्षात ठेवण्याची गरज नाही. एका ओळीत चार टाळ्या, प्रत्येक टाळीला चार मात्रा, एवढे पाळले की झाले. त्या चालीवर, आणि वर सांगितलेल्या क्रियापदांना धरून, मी तुमच्या मुलीसाठी आठ ओळी केल्या आहेत.

जागा दिली नि आजी बसली,
बसता बसता हळूच हसली.

काकांपाशी ओझे फार,
धावत गेले, धरले दार.

नवीन मुलगी लांबच होती,
‘ये ना’ म्हणता दिसले मोती.

पळताना मी पडले काल,
तिनेच पुसले माझे गाल.

टाळ्या वाजवून पाहा. जागा, दिली नि, आजी, बसली. बसता, बसता, हळूच, हसली. प्रत्येक टाळी शब्दाच्या आरंभी पडते, कुठल्याही शब्दाच्या मधोमध पडत नाही. ‘काकांपाशी’ आणि ‘पळताना मी’ या दोनच जागा वेगळ्या आहेत. पहिल्या जागी टाळ्या ‘काकां’ आणि ‘पाशी’वर येतात, दुसऱ्या जागी ‘पळता’ आणि ‘ना मी’वर. शब्द तुटतो खरा, पण ‘पा’ आणि ‘ना’ ही पूर्ण अक्षरे असल्याने जीभ अडत नाही.

तिसऱ्या कडव्याची पहिली ओळ आधी मी ‘नवी, एकटी, बसली होती’ अशी केली होती. मात्रा 16 भरतात आणि आठव्या मात्रेवर विसावाही बरोबर येतो, त्यामुळे कागदावर ती ओळ निर्दोष आहे. पण टाळी वाजवली की दुसरी टाळी ‘एकटी’मधल्या ‘ए’च्या पोटात पडते, कारण ‘नवी’च्या तीनच मात्रा आहेत आणि ‘ए’ दोन मात्रांचा आहे. मोठा माणूस तेवढे सांभाळून घेतो, सहा वर्षांचे मूल तिथे हमखास घसरते. ‘नवीन मुलगी लांबच होती’ या ओळीत प्रत्येक शब्द चार मात्रांचा आहे, आणि ‘लांबच’मधल्या ‘च’ने एकटेपणही सांगितले. घरी रचलेल्या कोणत्याही ओळीची परीक्षा अशीच घ्यावी. मात्रा मोजून समाधान मानू नये, टाळी कुठे पडते ते पाहावे, आणि मूल एकाच जागी दोनदा अडखळले तर चूक मुलाची न मानता ओळीची मानावी.

यमकाचेही एक सांगतो. ‘होती’ला ‘हाती’ जोडण्याचा मोह मला झाला होता, ‘हात घेतला माझ्या हाती’ अशी ओळ तयारही होती. पण ‘होती’ आणि ‘हाती’ यांत फक्त ‘ती’ जुळते, त्याआधीचा स्वर जुळत नाही. ‘होती’ आणि ‘मोती’ यांत ‘ओ’ही जुळतो, म्हणून पहिली ओळ म्हणताच दुसरीचे टोक कानात आधीच वाजू लागते. ‘फार’ आणि ‘दार’, ‘काल’ आणि ‘गाल’ ही यमके अशीच आहेत. ‘बसली’ आणि ‘हसली’ ही दोन्ही क्रियापदे असली तरी तिथे तीनपैकी शेवटची दोन अक्षरे जुळतात आणि पहिल्याचा स्वरही तोच आहे, म्हणून ते यमक पक्के बसते. मोती म्हणजे दात, हे मुलीला एकदा सांगावे लागेल. आरशापुढे उभे करून हसायला सांगा, लगेच कळेल.

भाषेच्या एका अडचणीबद्दल तुम्ही विचारलेले नाही, पण ती येणारच, म्हणून आताच लिहितो. ‘ओझे’, ‘धरले’ ही लेखी रूपे आहेत. घरात आपण ‘ओझं’, ‘धरलं’ म्हणतो, आणि घरचेच मराठी ऐकणाऱ्या मुलीला तीच रूपे जवळची असतात. तिने तशी म्हटली तर खुशाल म्हणू द्यावे. शेवटचा ‘अं’ आपण लांबवून उच्चारतो, त्यामुळे मात्रा तेवढ्याच राहतात आणि चाल मोडत नाही. मुलगा म्हणणार असेल तर ‘धावत गेलो’ आणि ‘पळताना मी पडलो काल’ असे करावे. मात्रा त्याही रूपांत तेवढ्याच आहेत, हे मी मुद्दाम पाहिले आहे. ‘हळूच’ आणि ‘पळताना’ यांतला ‘ळ’ अनेक मुलांना जड जातो आणि त्याचा ‘ल’ होतो. कविता पाठ होईपर्यंत तो सुधारायला थांबवू नये. थांबवले की ठेका तुटतो, आणि ठेका तुटला की सगळेच हातून जाते. पाठ झाल्यावर ‘पळ, पळ, पळ’ असे टाळीवर खेळत घेतले की ‘ळ’ जागेवर येऊ लागतो.

तुमच्या कवितेत ‘का’ याचे उत्तर चौथ्या ओळीत होते, ‘सर्वांचे मन जिंकून घ्यावे’. माझा सर्वांत मोठा आक्षेप या ओळीला आहे. चांगले वागायचे ते मन जिंकण्यासाठी, असे ती मुलीला सांगते, म्हणजे वागण्याच्या पाठीमागे एक हिशेब उभा करते. मोठ्यांना हा हिशेब निरुपद्रवी वाटतो, पण मुले तो शब्दशः घेतात. ‘मी तिला खाऊ दिला तरी ती माझ्याशी बोलत नाही’ ही तक्रार त्यातूनच येते. म्हणून माझ्या आठ ओळींत ‘म्हणून असे वागावे’ असे कुठेही म्हटलेले नाही. पहिल्या कडव्यात आजी हसते, तेवढेच. दुसऱ्या कडव्यात तर काहीच होत नाही. काका हसले का, काही बोलले का, हे सांगितलेले नाही आणि ते न सांगणे मुद्दाम आहे. दार धरल्यावर समोरचा माणूस अनेकदा घाईत निघून जातो. हे मुलाने अनुभवलेले असते, आणि कविता त्याच्याशी खोटे बोलली तर त्याला ते कळते.

‘का’चे उत्तर सगळे मिळून एका अक्षरात आहे, ‘तिनेच’मधल्या ‘च’मध्ये. काल पडल्यावर गाल पुसायला आली ती तीच लांब बसलेली नवीन मुलगी. ‘ये ना’ म्हणताना माझ्या मनात तसले काही नव्हते, पण ‘ये ना’ म्हटले नसते तर ती तिथे असती का? हा प्रश्न कवितेत नाही, तो मुलाने स्वतः विचारावा म्हणून जागा मोकळी ठेवली आहे. शेवटची ओळ म्हणताना ‘तिनेच’वर किंचित जोर द्यायला सांगा आणि तिथे टाळी जरा मोठी वाजवा. ‘तिनेच म्हणजे कोणी?’ एवढेच विचारा. पहिल्या दिवशी उत्तर आले नाही तर सांगून टाकू नका.

दुसरे असे की या कवितेला बक्षीस जोडू नका. एका चांगल्या वागण्याला एक चांदणी, दहा चांदण्यांना खेळणे, असे तक्ते घरोघरी भिंतीवर लागलेले असतात आणि हेतू चांगलाच असतो. फेलिक्स वार्नेकेन आणि मायकेल टोमासेलो या दोन मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत 18 महिन्यांची मुले अनोळखी माणसाला आपण होऊन मदत करताना दिसली. त्यातल्या एका प्रसंगात तो माणूस हातात मासिकांचा गठ्ठा घेऊन कपाटापाशी येतो, दार बंद असल्याने त्यावर अडतो, आणि मूल जाऊन त्याला दार उघडून देते. कोणी सांगितलेले नसते, आणि बदल्यात काही मिळणारही नसते. 2008 मध्ये त्याच दोघांनी 20 महिन्यांच्या मुलांवर पुढचा प्रयोग केला. काही मुलांना मदत केल्यावर दर वेळी खेळण्यासारखे बक्षीस दिले, काहींची नुसती स्तुती केली, काहींना काहीच दिले नाही. नंतर बक्षीस बंद केल्यावर, बक्षिसाची सवय लागलेली मुले बाकीच्यांपेक्षा कमी मदत करू लागली. दार धरायला धावण्याची ओढ मुलात आधीच असते आणि आपण तिच्यावर किंमत लिहिली की ती त्या किमतीपुरती उरते, असा अर्थ मी त्यातून घेतो. हे प्रयोग फार लहान मुलांवरचे आहेत, सहा वर्षांच्या मुलीला ते जसेच्या तसे लागू होतील असे मी म्हणत नाही. तरीही कवितेपुरता माझा सल्ला स्पष्ट आहे. पाठ झाली म्हणून किंवा तसे वागली म्हणून काही देऊ नका.

शिकवण्याची पद्धत थोडक्यात अशी. पहिले दोन दिवस कागद दाखवू नका. नुसते म्हणा आणि टाळ्या वाजवा, एका दिवशी दोन ओळींपेक्षा जास्त नकोत. तुम्ही पहिली ओळ पूर्ण म्हणा आणि दुसरीचा शेवटचा शब्द तिच्यासाठी सोडा: ‘काकांपाशी ओझे फार, धावत गेले, धरले…’ इथे थांबले की ‘दार’ ती स्वतः म्हणते. दुसऱ्या दिवशी शेवटचे दोन शब्द सोडा, मग अर्धी ओळ. चारही कडवी तोंडात बसल्यावर मगच देवनागरीत मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीवर लावा. पाठ असलेली ओळ वाचताना अक्षर ओळखणे सोपे जाते, कारण पुढे काय आहे हे तिला ठाऊक असते. मात्र कविता रोमन लिपीत लिहून देऊ नका. ‘ळ’ आणि ‘ल’, ‘ट’ आणि ‘त’ तिथे सारखेच दिसतात आणि मूल दिसेल तसे म्हणते.

शेवटचे, आणि मला सर्वांत आवडणारे. आठ ओळी पाठ झाल्या की नववी आणि दहावी तिच्याकडून घ्या. आज कोणासाठी काय केलेस, किंवा तुझ्यासाठी कोणी काय केले, एवढे विचारा आणि ती सांगेल तेच शब्द टाळीवर बसवून पाहा. माझ्या ओळखीच्या एका घरी हा खेळ चालतो. तिथल्या सात वर्षांच्या मुलीने एकदा असे जोडले:

बाबांचा बघ चष्मा पडला,
टेबलखाली मला सापडला.

पहिली ओळ 16 मात्रांची झाली, दुसरी 17 ची. तिला स्वतःलाच शेवटच्या टाळीला घाई झाल्यासारखे वाटले. तिच्या आईने ‘मला’च्या जागी ‘मज’ सुचवले. त्याने मात्रा बरोबर होतात, पण ‘मज’ हा शब्द त्या मुलीने उभ्या आयुष्यात बोललेला नाही, आणि ओळ तिच्या हातातून निसटून जुन्या पुस्तकात गेली. अशा वेळी मात्रा भरण्यासाठी ‘मज, तव, करुनी, जाउनी’ यांच्याकडे धावू नये, वाक्य थोडे फिरवून पाहावे. ‘टेबलखाली तो सापडला’ म्हटले की एक मात्रा कमी होते, तिसरी टाळी ‘तो’वर पडते, आणि शब्द सगळे तिचेच राहतात. मुलीला ते लगेच पटले. तिने चार वेळा टाळ्या वाजवून म्हणून पाहिले. आईने विचारले, ‘सापडला, मग पुढे?’ त्यावर ती म्हणाली, ‘मग काय, बाबांना मी दिसले.’